पाठीवरचं पांढरं वाक्य

मी एक जुना परीक्षेचा पॅड आहे. मित्रांनो, तुमच्या दप्तरात असतो तसा चकचकीत, कार्टूनचं चित्र असलेला नाही. मी साधा, तपकिरी, हार्डबोर्डचा. माझा एक कोपरा कुरतडलेला आहे. तो कुणी कुरतडला ते शेवटी सांगेन. डोक्यावर लोखंडी क्लिप आहे, तिची स्प्रिंग आता थोडी सैल झाली आहे, पण चार-पाच कागद मी अजून घट्ट धरतो. आज मी एका खिळ्याला टांगलेला असतो. माझं तोंड खोलीकडे आणि पाठ भिंतीकडे. पण मित्रांनो, माझी खरी गोष्ट माझ्या पाठीवर आहे.

माझा जन्म शाळेच्या कपाटातून झाला, म्हणजे अगदी खरोखर. शाळेत नवी कपाटं करून घेतली तेव्हा पाठीमागच्या फळ्यांचे तुकडे उरले. सुतार ते जाळायला नेणार होता. गणिताच्या बाई तिथून चालल्या होत्या. त्या थबकल्या, म्हणाल्या, "अहो, हे जाळता कशाला? एवढ्या एवढ्या मापाचे कापून द्या मला." आणि आम्ही डझनभर भाऊ एका दुपारी जन्माला आलो. आमची एक बाजू काचेसारखी गुळगुळीत होती आणि दुसरी खरखरीत, चहाच्या गाळणीच्या जाळीसारखी. गुळगुळीत बाजू मुलांसाठी. खरखरीत बाजूवर बाईंनी पांढऱ्या रंगाने, दोरीसारख्या जाड अक्षरांत लिहिलं: "जागा कोरी सोडू नका. काहीतरी लिहा."

रंग जाळीत उतरला आणि अक्षरांच्या कडा जरा पसरल्या. पण वाक्य लांबूनही वाचता यायचं. मला त्याचा भारी अभिमान वाटायचा. दुकानातले पॅड नुसते पॅड, आम्ही मात्र बोलके पॅड.

बाईंची एक पद्धत होती. परीक्षेच्या दिवशी कुणी ना कुणी पॅड विसरून यायचंच. बाई त्याला रागवत नसत. कपाट उघडत, आमच्यापैकी एकाला बाहेर काढत आणि देताना पाठ त्याच्याकडे करून दाखवत. मुलाने वाक्य मोठ्याने वाचायचं, मग पॅड न्यायचा. आणि खरंच मित्रांनो, त्या वाक्याने किती तरी मुलं तरली. गणित पूर्ण येत नसलं तरी सूत्र लिहिलं की एक गुण, आकृती काढली की अर्धा गुण, दोन पायऱ्या मांडल्या की आणखी एक. बाईंच्या वर्गातून कोरा पेपर कधी आला नाही. इतर शिक्षक थट्टेने म्हणायचे, "तुमची मुलं पेपरावर शाई सांडून आली तरी पास होतात." बाईंना ते ऐकून आनंद व्हायचा.

या सगळ्यात मला नेहमी नेणारी एक मुलगी होती. तिला सगळे टिकली म्हणत, कारण ती वर्गात सर्वांत लहानखुरी होती. टिकली इतकी विसराळू की दर परीक्षेला पॅड घरी राहायचा आणि दर वेळी मीच तिच्या वाट्याला यायचो. शाळेतल्या शेवटच्या परीक्षेनंतर ती मला परत करायला आली तेव्हा बाई म्हणाल्या, "ठेव तुझ्याकडे. नाही तरी तो आता तुझाच झालाय." मी तिच्या दप्तरातून घरी गेलो. माझे भाऊ कपाटात राहिले. त्यांची आठवण मला अजून येते.

टिकलीचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. बाबा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचे. आई शिवणकाम करायची, तिच्या मशीनच्या आवाजाची मला इतकी सवय झाली की ते थांबलं की मला चुकल्यासारखं व्हायचं. टिकलीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याला पट्टी बांधून झाली की ती ऐटीत सांगायची, "पेशंट बरा आहे." त्या शिक्षणासाठी प्रवेश परीक्षा असते. त्यासाठी तिने वर्षभर माझ्यावर कागद लावून उदाहरणं सोडवली. पेनाचा दाब कागदातून माझ्यापर्यंत यायचा. ती खुशीत असली की पेन हलकं चालायचं आणि अडली की एकाच जागी टोचत राहायचं.

परीक्षेच्या दिवशी मी मोठ्या थाटात तिच्याबरोबर निघालो. पण परीक्षा केंद्राच्या दारातल्या माणसाने मला नुसतं पाहिलं आणि मान हलवली. ती परीक्षा संगणकावर होती. आत पॅड चालत नाही, कच्चं काम करायला कागदसुद्धा तेच देतात. टिकलीने मला बाबांकडे दिलं आणि जाण्यापूर्वी माझी पाठ वळवून ते वाक्य एकदा मनात वाचलं. ओठ हलताना मी पाहिले. बाहेर मग बाबांनी मला आधी वारा घ्यायला वापरलं आणि नंतर खाली ठेवून माझ्यावर बसले. अपमान झाला खरा, पण ते दर दोन मिनिटांनी उठून त्या दाराकडे बघून येत होते, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

निकाल लागला. दोनशेपैकी छप्पन्न. प्रवेशाच्या यादीतल्या शेवटच्या मुलाला पासष्ट होते.

त्या दिवशी आईचं मशीन दिवसभर बंद होतं. कुणी टिकलीला बोललं नाही आणि हेच तिला जास्त लागलं. संध्याकाळी बाबा हात पुसत आत आले आणि हळूच म्हणाले, "एकदा करून पाहिलंस ना? झालं तर मग. सगळ्यांना सगळं जमत नाही गं. तुझ्या मामाच्या औषधाच्या दुकानात माणूस हवाय, महिनाअखेरपर्यंत कळवायचंय त्याला." टिकलीने मान डोलावली. ते रागावले असते तर ती भांडली असती. पण त्यांनी समजून घेतलं आणि तिथेच तिचा धीर सुटला.

दुसऱ्या दिवशी तिने मला मांडीवर घेतलं आणि एक कोरा कागद लावला. बाई निवृत्त होऊन दुसऱ्या गावी राहायला गेल्या होत्या. फोन करता आला असता. पण बाई नेहमी सांगायच्या, "रडू येत असेल तर लिहून कळवा. लिहिताना हुंदका मध्ये येत नाही." टिकलीने तेच केलं. ते पत्र माझ्या अंगावर लिहिलं गेलं, म्हणून मला ते जवळजवळ पाठ आहे.

"आदरणीय बाईंना सप्रेम नमस्कार. मी परीक्षेत नापास झाले. छप्पन्न गुण मिळाले, पासष्ट हवे होते. मी मुळीच आळस केला नव्हता. शंभरच्या शंभर प्रश्न सोडवले, एकही सोडला नाही. तरी असं झालं म्हणजे माझ्यात तेवढा दमच नसावा. बाबा म्हणतात मामाच्या दुकानात जा. मी पुढे काय करू? पुन्हा परीक्षेला बसू, की दुसरा एखादा कोर्स धरू, की हा विषयच डोक्यातून काढून टाकू? तुम्ही सांगाल ते करीन. तुमची, टिकली."

'दमच नसावा' लिहिताना पेन इतकं रुतलं की माझ्या गुळगुळीत अंगावर बारीक चरे उमटले. ते अजून आहेत, उजेडात तिरपं धरलं की दिसतात.

उत्तर लवकर आलं. टिकलीने ते माझ्या क्लिपमध्ये लावलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात धीर देणारी गोड वाक्यं नव्हती. बाईंनी लिहिलं होतं: "तू विचारतेस पुढे काय करू. आधी मागे काय झालं ते नीट पाहू. परीक्षेनंतर प्रत्येकाला स्वतःची उत्तरं आणि बरोबर उत्तरांची यादी संगणकावर पाहायला मिळते. दोन्ही छापून आण. मग प्रत्येक प्रश्नाजवळ प्रामाणिकपणे खूण कर. मला येतच होता, त्याला बरोबरची खूण. दोन पर्याय नक्की चुकीचे हे कळलं होतं, पण उरलेल्या दोनांत अडले, त्याला गोल. काहीच कळलं नाही, अंदाजे ठोकला, त्याला फुली. बरोबर आला की चूक, ते नंतर बघ. सगळं घेऊन माझ्याकडे ये. मामांना तोपर्यंत काही कळवू नकोस."

टिकली कामाला लागली. छापून आणलेले कागद माझ्या क्लिपमध्ये मावेनात. ती प्रश्न वाचायची, डोळे मिटायची, त्या दिवशी डोक्यात काय चाललं होतं ते आठवायची आणि खूण करायची. मग एका ठिकाणी ती थांबली. तिने फुल्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग मला उलटं केलं, माझ्या पाठीवरचं वाक्य वाचलं आणि घाईघाईने परत सरळ केलं. तिला काय कळलं ते मला त्या वेळी कळलं नाही. पण तेव्हापासून ती मला कुठेही पाठ वर करून ठेवेना.

बाईंकडे जाताना बाबाही बरोबर आले. "सोडून येतो नि बाहेर थांबतो," म्हणाले होते, पण बाईंनी त्यांना आत बोलावलं. बाईंचं घर नीटनेटकं, एका खोलीचं, पुस्तकांनी भरलेलं. छताला पंखा कुरकुरत होता. बाबांचं लक्ष बाईंच्या बोलण्यापेक्षा त्या पंख्याकडेच जास्त.

"बाई, स्टूल आहे का? हा आवाज मला ऐकवत नाही."

"अहो, पाहुणे ना तुम्ही!"

"पाहुणा असलो तरी पंखेवाला आहे," म्हणून बाबा पंखा बंद करून स्टुलावर चढलेसुद्धा.

इकडे बाईंनी चष्मा लावला आणि कागद पुढे ओढले. मी टेबलावर होतो, पाठ खाली करून. टिकलीने माझ्या कडेवर हात घट्ट दाबून ठेवला होता.

बाई बेरजा करत गेल्या. "येत होते असे चव्वेचाळीस. त्यातले पस्तीस बरोबर, नऊ चुकले. हे नऊ बघ, ग्रॅम आणि मिलिग्रॅमचा घोळ, घाई. हे सुधारेल. गोल केलेले सोळा, निम्मे बरोबर, निम्मे चूक. ठीक आहे, त्यात तुझा फायदाच झाला. आणि फुल्या..." त्या थांबल्या. "चाळीस?"

"हो बाई."

"चाळीस प्रश्न नुसते ठोकलेस? बरोबर उत्तराला दोन गुण आणि चुकीला एक वजा, हे पडद्यावर पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. वाचलं नाहीस?"

"वाचलं होतं."

"मग हिशेब कर. चार पर्याय. डोळे मिटून चार प्रश्न ठोकले तर साधारण एक लागणार. दोन मिळाले. तीन चुकणार, तीन गेले. दर चार प्रश्नांमागे एक गुण खिशातून काढून द्यायचा. तुझे चाळिसांतले नऊ लागले, अठरा मिळाले, एकतीस चुकले, एकतीस गेले. तेरा गुण हातचे घालवलेस! हे कोरे सोडले असतेस तर तुला एकोणसत्तर होते. तू यादीत होतीस, टिकले! हा असला आचरट सल्ला दिला कुणी तुला?"

टिकली खाली बघत म्हणाली, "कुणी नाही, बाई. माझंच चुकलं."

तिचा हात माझ्यावर आणखी दाबला गेला. मित्रांनो, मला तेव्हा कळलं ती काय लपवत होती. ज्या वाक्याचा मी आयुष्यभर तोरा मिरवला, ते त्या दिवशी तिने मला टेबलावर दाबून झाकलं होतं, कारण बाईंना ते दिसलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. मला तिच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की काय सांगू.

पण बाईंना लिहायला काहीतरी हवं होतं. "आण तो पॅड इकडे," म्हणून त्यांनी मला सहज ओढलं. टिकलीचा हात निसटला. कागद काढताना मी उलटा झालो.

बाई बराच वेळ वाचत राहिल्या. चारच तर शब्द होते आणि पुढे दोन, पण त्या संपवेनात. वर बाबांचा स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

"हे माझं अक्षर आहे," बाई म्हणाल्या.

"बाई, शाळेत ते बरोबरच होतं. मी शाळेत त्यानेच पास झाले."

"शाळेत होतं. तिथे चुकीला शिक्षा नव्हती. बाहेरच्या परीक्षा बदलल्या आणि मी तेच घोकवत बसले." त्यांनी चष्मा काढला. "आणि तू पडद्यावरच्या नियमापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवलास."

स्टुलावरून बाबांनी विचारलं, "बाई, मला गणित कळत नाही. पण एक सांगा. म्हणजे पोरीला येत होतं?"

"येत होतं."

"आणि ते गुण घालवले कुणी?"

"मी," बाई म्हणाल्या.

बाबा स्टुलावरून उतरले. मला वाटलं आता हे काहीतरी बोलणार. पण त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. पंखा आवाज न करता फिरायला लागला. मग ते टिकलीजवळ बसले आणि म्हणाले, "मी तर म्हणालो होतो, सगळ्यांना सगळं जमत नाही. मीही चुकलोच की." बाईंनी डोळे पुसले आणि तिघेही हसले. मग टिकलीला रडू आलं. निकाल लागल्यापासूनचं सगळं रडू तिथे एकदम बाहेर पडलं.

त्यानंतर बाईंनी नवा कागद लावला आणि पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या अंगावर लिहिलं. मी ते अक्षरागणिक ऐकलं. पहिली यादी म्हणजे शेवटची यादी नव्हे, जागा रिकाम्या राहिल्या की पुढच्या फेऱ्या होतात आणि गुणांची रेघ खाली येते, म्हणून छप्पन्न गुणांवरही कॉलेजांच्या पसंतीचा अर्ज मुदतीत भरून ठेवायचा. उत्तरांच्या यादीवर हरकत घ्यायची मुदत गेली आहे, तिच्यामागे लागायचं नाही. पशुपालनाची दोन वर्षांची पदविका आहे, तिच्यानंतर मोठ्या शिक्षणाला थेट प्रवेश मिळतो का, हे ऐकीव माहितीवर नाही, कॉलेजच्या कार्यालयात लेखी विचारायचं. आणि पुन्हा परीक्षा द्यायची तर पूर्ण पुस्तकं पहिल्या पानापासून वाचायची नाहीत. चाळीस फुल्यांपैकी बहुतेक तीनच धड्यांतल्या आहेत, आधी ते तीन. मामांना सरळ नकार द्यायची गरज नाही, अर्धा दिवस काम चालेल का ते विचारायचं. औषधांच्या दुकानात मिलिग्रॅम रोज भेटेल, ते उत्तमच.

शेवटी बाईंनी लिहिलं, "म्हणून मी ठरवलं आहे की," आणि पुढे पेन उचललं. कागद टिकलीला दिला.

बाबांनी वाकून पाहिलं. "बाई, शेवटची ओळ राहिली."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "ती तिची आहे. मी सांगेन ते करीन असं लिहिलंय तिने. माझं ऐकून एकदा झालं, पुरे. या वेळी जागा मीच कोरी सोडते."

त्यांनी मला परत केलं. टिकलीने विचारलं, "पाठीवरचं पुसून टाकू का?" बाई म्हणाल्या, "तुझी इच्छा." तिने पुसलं नाही.

ती ओळ बरेच दिवस तशीच होती. टिकली पुढच्या फेऱ्यांचा अर्ज भरून आली, कार्यालयात चौकशी करून आली, मामाशी बोलून आली. शेवटच्या फेरीत रेघ अठ्ठावन्नवर येऊन थांबली. फक्त दोन गुण! आईने त्या दिवशी मशीन बंद ठेवलं नाही. तिने टिकलीसमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "आता काय लिहिणारेस त्या कागदावर? मला उत्सुकता लागून राहिलीये." तेव्हा टिकलीने मला मांडीवर घेतलं आणि लिहिलं, "पुन्हा परीक्षा देईन." पेन अगदी हलकं चाललं होतं.

मग वर्ष गेलं. सकाळी मामाचं दुकान, दुपारनंतर माझ्यावर ते तीन धडे. पुन्हा ते दार आलं, पुन्हा मी बाबांकडे, पुन्हा ते माझ्यावर बसले. टिकली बाहेर आली ती थेट फोनकडे. बाबांनी तो आधीच लावून ठेवला होता. पेपर कसा गेला हे बाईंनी विचारलंच नाही.

"किती कोरे सोडलेस?"

"सत्तावीस, बाई!"

आणि फोनमधून बाईंचा आवाज आला, "शाब्बास!" तो इतका मोठा होता की बाजूच्या मुलांचे पालक वळून बघायला लागले. ज्यांनी जन्मभर एकही जागा कोरी सोडू दिली नाही, त्या बाई सत्तावीस कोऱ्या जागांसाठी शाबासकी देत होत्या. बाबा खदखदून हसत होते आणि मी त्यांच्या खाली थरथरत होतो.

मित्रांनो, मी आज ज्या खिळ्याला आहे, तो जनावरांच्या दवाखान्यातला आहे. माझ्या क्लिपमध्ये केसपेपर असतात आणि माझा कोपरा एका पिल्लाने, डॉक्टरांचं लक्ष नसताना, कुरतडला. सगळ्यांत खाली बाईंचा तो कागद अजून आहे, पिवळा पडलेला. बाई आता नाहीत. कधी एखादा पेशंट खूप आजारी असतो आणि त्याचा मालक विचारतो, "डॉक्टर, काय झालंय याला?" तेव्हा टिकली पटकन काही ठोकून देत नाही. म्हणते, "अजून मला कळलेलं नाही. तपासून सांगते." आणि केसपेपरवरची ती जागा कोरी ठेवते.

माझी एवढीच विनंती आहे. जुना पॅड सैल झाला म्हणून फेकू नका. आणि कुणी प्रेमाने दिलेलं वाक्य जपून ठेवा, पण ते कुठे लागू पडतं हे अधूनमधून पाठ उलटून स्वतः वाचत जा.